टर्म लोनच्या फाइलसाठी महिनावार कॅश फ्लो कसा मांडायचा

प्रश्न: भोसरीत माझं छोटं सीएनसी टर्निंगचं युनिट आहे, प्रोप्रायटरशिप. नवीन मशीनसाठी १८ लाखांचं कर्ज मागितलंय. गेल्या वर्षी १३ लाख नफा आहे, तरी बँकेने "कॅश फ्लो बरोबर नाही, महिनावार करून आणा" म्हणून फाइल परत पाठवली. अकाउंटंटने नफ्याचेच आकडे बारा महिन्यांत वाटून दिले होते. हे पत्रक नेमकं बनवायचं कसं?

नफ्याला बाराने भागलं की दर महिन्याला लाखभर शिल्लक दिसते आणि एकही महिना अडचणीचा दिसत नाही. पण क्रेडिट ऑफिसरच्या टेबलावर तुमच्या सीसी खात्याचा वर्षभराचा उतारा पडलेला असतो, आणि त्यात असा गुळगुळीत महिना एकही नसतो. त्याला हवंय ते एवढंच: पुढच्या वर्षात कुठल्या महिन्यात तुमच्याकडे पैसा सगळ्यात कमी असेल, किती कमी असेल, आणि तो खड्डा कशाने भरणार. खड्डाच न दाखवणारं पत्रक त्याच्या उपयोगाचं नसतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. मटेरियल तुमचं असेल तर एक हिशेब, ग्राहक बार पाठवतो आणि तुम्ही फक्त मजुरी लावता असं असेल तर दुसरा. त्यात खड्डा बराच उथळ असतो. जीएसटीचं रिटर्न महिन्याला भरता की तिमाही, यावरही तारखा बदलतात. प्रत्येक बँकेचा फॉर्म वेगळा असतो, काही ठिकाणी सीएमए डेटाच्या जोडीला हे पत्रक लागतं, काही शाखा साध्या एक्सेलवर समाधानी असतात. खाली मी स्वतःचं मटेरियल, महिन्याचं रिटर्न आणि तुमच्याएवढंच युनिट धरलंय. नफा आणि कर्जाचा आकडा तुमचा आहे, बाकीचे आकडे उदाहरणाचे. त्या जागी तुमचे घाला.

आधी मागचं वर्ष

बँकेला दोन कागद द्यायचे असतात आणि बहुतेक जण एकच देतात. पहिला कागद झालेल्या वर्षाचा. प्रोप्रायटरशिपला कॅश फ्लो पत्रक बंधनकारक नाही, छोट्या प्रायव्हेट लिमिटेडलाही त्यातून सूट आहे, म्हणून ते तुमच्या ताळेबंदासोबत आलेलं नसणार. तरी बनवा. दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवले की तासाभराचं काम आहे, आणि "१३ लाख नफा झाला तर गेला कुठे?" या प्रश्नाचं उत्तर त्यातच असतं.

सुरुवात नफ्यापासून: १३ लाख. त्यात घसारा मिळवा, समजा ४ लाख, कारण तो खर्च वहीत पडला, खात्यातून गेला नाही. बँकेला दिलेलं व्याज २.२० लाख तेही इथे परत मिळवा, ते पुढे वेगळं दाखवायचंय. झाले १९.२० लाख. आता ताळेबंदातला फरक लावा. ग्राहकांकडची येणी ३० लाखांवरून ४१ लाखांवर गेली, म्हणजे ११ लाख तिथे अडकले, ते वजा. माल ९ लाखांचा १२.५० लाखांचा झाला, ३.५० लाख वजा. पुरवठादारांची देणी १० वरून १३ लाख झाली, म्हणजे त्यांनी ३ लाख जास्त थांबून घेतलं, ते अधिक. धंद्यातून प्रत्यक्ष आले ७.७० लाख.

नफा १३, हातात आले ७.७०. या साडेसात-आठ लाखांतून ३ लाखांचा कॉम्प्रेसर घेतला, २.२० लाख व्याज गेलं, आणि घरखर्च, विमा, प्राप्तिकर मिळून तुमची उचल ८.४० लाख झाली. प्रोप्रायटरचा प्राप्तिकर धंद्याचा खर्च नसतो, तो उचलीतच दाखवायचा. एकूण बाहेर गेले १३.६०, आले ७.७०, तूट ५.९० लाख. सीसीची बाकी ५.५० लाखांनी वाढली आणि बँक-रोख शिल्लक १.१० वरून ७० हजारांवर आली, म्हणजे ४० हजार कमी. ५.५० आणि ०.४० मिळून ५.९०. जुळलं.

हे जुळणं म्हणजेच या कागदाची परीक्षा. शेवटचा आकडा ताळेबंदातल्या रोख-बँक शिल्लकीशी रुपयाला रुपया जुळला नाही, तर कुठेतरी चूक आहे, आणि ती चूक "इतर" नावाच्या ओळीत ढकलायची नाही. ऑफिसर पहिल्यांदा तीच ओळ उघडतो. न जुळण्याची नेहमीची कारणं म्हणजे वर्षात विकलेली जुनी मशीन, घसाऱ्यात मिसळलेलं काही, किंवा नातेवाइकाकडून घेतलेले हातउसने पैसे जे येणे-देण्यांत पडलेत.

या कागदातून ऑफिसरला दोन गोष्टी कळतात. तुमचा धंदा तोट्यात नाही, आणि तुमचा पैसा ग्राहकांकडे अडकलाय. दुसरी गोष्ट त्याला उताऱ्यावरून कळलेलीच असते; ती तुम्ही आधी सांगितलीत तर पुढचं बोलणं सोपं जातं.

वसुलीचे दिवस ऑर्डरवरून धरू नका

आता पुढच्या वर्षाचं पत्रक. त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ विक्रीची नाही, वसुलीची आहे. पीओवर ४५ दिवस लिहिलेलं असतं, आणि सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देण्याचा कायदाही आहे, म्हणून लोक पत्रकात ४५ दिवस टाकतात. बँक लगेच भागाकार करते. महिन्याची विक्री १५ लाख, १८ टक्के जीएसटी धरून बिलं १७.७० लाखांची, वर्षाची २१२.४० लाख. येणी ४१ लाख. ४१ ला २१२.४० ने भागून ३६५ ने गुणलं की ७० दिवस येतात. मागचं वर्ष ७० दिवसांचं आणि पुढचं ४५ दिवसांचं दाखवलंत, तर बाकीचं पत्रक कुणी वाचत नाही.

नेमका आकडा काढायचा तर एक संध्याकाळ खर्च करा. गेल्या सहा महिन्यांची बिलं एक्सेलमध्ये घ्या: बिलाची तारीख, रक्कम, खात्यात जमा झाल्याची तारीख. ग्राहकवार दिवस काढा आणि रकमेच्या वजनाने सरासरी काढा. नुसती सरासरी काढलीत तर पाच हजारांची रोखीची बिलं आकडा खाली ओढतात. हे करताना आणखी एक गोष्ट हाती लागते. १७.७० लाखांच्या बिलांपोटी १७.७० लाख कधीच येत नाहीत. रिजेक्शनची डेबिट नोट, रेट डिफरन्स, टीडीएस कापून येतात. ही कपात टक्का-दीड टक्का असली तरी वर्षाला दोन-तीन लाखांची भर पडते, ती वसुलीतून आधीच वजा धरा. खालच्या उदाहरणात ती सोडून दिलीय, हिशेब डोळ्यांनी तपासता यावा म्हणून.

७० दिवस म्हणजे महिनावार तक्त्यात काय? महिन्याच्या साधारण २० तारखेपर्यंतची बिलं दोन महिन्यांनंतरच्या महिन्यात जमा होतात, उरलेली तिसऱ्या महिन्यात. जुलैच्या विक्रीचे दोन तृतीयांश सप्टेंबरात आणि एक तृतीयांश ऑक्टोबरात. तुमची बरीचशी डिस्पॅच महिनाअखेरीला होत असेल, बऱ्याच युनिटमध्ये होतेच, तर हे प्रमाण उलटं धरा.

मशीनची खरी किंमत आणि त्यावरचा जीएसटी

समजा मशीनचं कोटेशन २४ लाख अधिक १८ टक्के जीएसटी ४.३२ लाख, एकूण २८.३२ लाख. बँक मूळ किमतीच्या ७५ टक्के देते तेव्हा १८ लाख होतात. जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळणार असल्यामुळे त्यावर बँक सहसा कर्ज देत नाही. लोक मार्जिन ६ लाख म्हणून धरून चालतात आणि जूनमध्ये पुरवठादाराला पैसे द्यायच्या दिवशी ४.३२ लाख कमी पडतात. मग ते सीसीतून उचलले जातात, पुढच्या महिन्यात बारचं पेमेंट चुकतं, आणि नवीन मशीनवर चढवायला मटेरियल नसतं.

त्यात मशीन बसवायचा खर्च मिळवा: फाउंडेशन, केबल आणि पॅनेल, स्टॅबिलायझर, पहिला टूल होल्डरचा संच, जिग-फिक्श्चर, विमा, प्रोसेसिंग फी. तारण नसलेलं कर्ज सीजीटीएमएसईखाली घेणार असाल तर तिची हमी फीसुद्धा, ती दर वर्षी लागते. हे मिळून २.२० लाख धरू. म्हणजे जूनमध्ये तुमच्या खिशातून ६ नाही, १२.५२ लाख जाणार.

ते कुठून येणार याचे पुरावे फाइलमध्ये लागतात. एफडी मोडणार असाल तर पावतीची प्रत. भावाकडून किंवा सासऱ्यांकडून घेणार असाल तर चेकने किंवा ऑनलाइन घ्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेणं प्राप्तिकर कायद्याला चालत नाही. बँकही बहुधा लिहून मागते की कर्ज फिटेपर्यंत हे घरचे पैसे परत काढणार नाही. म्हणून पत्रकात त्याची परतफेड याच काळात दाखवू नका.

आता चांगली बाजू. हे ४.३२ लाख बुडत नाहीत, आणि ते किती लवकर परत येतात हे पत्रकात दाखवणारे फार थोडे असतात. सध्या १५ लाखांची विक्री आणि ७.५० लाखांचं मटेरियल धरलं तर तुम्ही महिन्याला सुमारे १.३५ लाख जीएसटी रोखीने भरता. मशीनचं बिल जूनमध्ये जीएसटीआर-२बी मध्ये दिसलं, की २० जुलैला, २० ऑगस्टला आणि २० सप्टेंबरला ही रोख रक्कम भरायची गरजच पडत नाही. मशीनच्या क्रेडिटमधून ती वळती होते. तीन महिन्यांचे ४.०५ लाख, आणि नव्या मशीनच्या पहिल्या दोन महिन्यांच्या विक्रीवरचे २७ हजार. ४.३२ लाख सप्टेंबरपर्यंत पूर्ण वसूल.

यात दोन ठिकाणी घसरायला होतं. मशीन पुरवणाऱ्याने आपलं जीएसटीआर-१ उशिरा भरलं तर क्रेडिट एक महिना पुढे सरकतं, म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी बिल कुठल्या महिन्याच्या रिटर्नमध्ये जाणार ते त्याला विचारून घ्या. आणि अकाउंटंटने मशीन २८.३२ लाखांना वहीत घेऊन सगळ्यावर घसारा लावला, तर जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. दोन्ही फायदे एकाच रकमेवर घेता येत नाहीत.

फक्त नव्या मशीनचा तक्ता

जुना धंदा आणि नवी मशीन यांच्या ओळी वेगळ्या ठेवा. एकत्र केल्या की खड्डा कशामुळे पडला तेच दिसत नाही.

मशीन जूनअखेर उभी राहिली असं धरू. नव्या कामाची विक्री जुलैत १ लाख, ऑगस्टला २, सप्टेंबरला ३, आणि ऑक्टोबरपासून ४ लाख. पहिल्या महिन्यापासून ४ लाख दाखवू नका. सॅम्पल, तपासणी, ग्राहकाची मंजुरी यांत दोन-तीन महिने जातातच. आणि ४ लाख कुठून आले हेही खाली एका ओळीत लिहा: नग ३२ रुपयांचा, १२,५०० नग, सायकल टाइम ९५ सेकंद, म्हणजे सुमारे ३३० तास, दोन पाळ्या, २५ दिवस, ४०० तासांपैकी ८२ टक्के. ही एक ओळ असली की विक्रीच्या आकड्यावर वाद होत नाही. हीच ओळ चुकली, म्हणजे मशीन २४ तास ३० दिवस चालवल्याशिवाय विक्री बसत नाही असं निघालं, तर सगळं पत्रक पडतं.

खर्चात मटेरियल विक्रीच्या निम्मं, जीएसटीसह, पैसे एका महिन्याने. दोन ऑपरेटरचे पगार ४५ हजार, ते जुलैपासून पूर्ण. वीज, इन्सर्ट आणि बाहेरचं हीट ट्रीटमेंट-प्लेटिंग विक्रीच्या २० टक्के, त्याच महिन्यात. कर्जाचं व्याज साडेदहा टक्क्यांनी महिन्याला सुमारे १६ हजार. मुद्दल सहा महिन्यांच्या मोरेटोरियमनंतर, जानेवारीपासून ३३ हजार. ऑक्टोबरपासून नव्या विक्रीवरचा जीएसटीही रोखीने.

आकडे लाखांत. जमा या रकान्यात वसुली आणि वाचलेला जीएसटी दोन्ही आहेत.

| महिना | जमा | खर्च | फरक | एकूण |
|---|---|---|---|---|
| जुलै | १.३५ | ०.८१ | +०.५४ | +०.५४ |
| ऑगस्ट | १.३५ | १.६० | −०.२५ | +०.२९ |
| सप्टेंबर | २.१४ | २.३९ | −०.२५ | +०.०४ |
| ऑक्टोबर | १.९६ | ३.४५ | −१.४९ | −१.४५ |
| नोव्हेंबर | ३.१५ | ४.१३ | −०.९८ | −२.४३ |
| डिसेंबर | ४.३३ | ४.१३ | +०.२० | −२.२३ |
| जानेवारी | ४.७२ | ४.४६ | +०.२६ | −१.९७ |

ऑक्टोबरची ओळ बघा. विक्री पूर्ण क्षमतेला पोचलेली आहे, नफा-तोटा पत्रकात तो पहिला झकास महिना आहे, आणि रोखीत तोच सगळ्यात वाईट. मटेरियल सप्टेंबरचं, पगार-वीज ऑक्टोबरची, आणि वसुली मात्र जुलै-ऑगस्टच्या किरकोळ विक्रीची. वर जीएसटीची सवलतही याच महिन्यात संपते. सप्टेंबरपर्यंत तीच सवलत खड्डा झाकून ठेवत होती. मशीन जोरात चालू असताना मालक पैशासाठी फोन का फिरवत असतो, त्याचं कारण या एका ओळीत आहे.

खड्ड्याचा तळ नोव्हेंबरमध्ये, २.४३ लाख.

जुना धंदा तो भरतो का?

जुन्या धंद्याची विक्री १५ लाखांवर स्थिर आणि वसुली ७० दिवसांवरच राहिली असं धरा. बिलांचे १७.७० लाख येतात; मटेरियल ८.८५, पगार-वीज-भाडं वगैरे ५.७३, जीएसटी १.३५, सीसीचं व्याज १८ हजार, उचल ७० हजार जाऊन महिन्याला ८९ हजार उरतात. (जुलै ते सप्टेंबरचा जीएसटी इथे पूर्ण दाखवलाय, कारण त्याची बचत वरच्या तक्त्यात घेतलीय. दोन्हीकडे घेतली तर ती दुप्पट होते, ही चूक बऱ्याच पत्रकांत सापडते.) पाच महिन्यांचे ४.४५ लाख. त्यातून दिवाळीचा बोनस २ लाख गेला. उरले २.४५ लाख. खड्डा २.४३ लाखांचा.

म्हणजे भरतो, पण अगदी काठोकाठ, आणि दिवाळी नेमकी खड्ड्याच्या तळाशी येते. वार्षिक खर्च बाराने भागणाऱ्या पत्रकात बोनस असा दिसतच नाही. तसाच प्राप्तिकराचा अग्रिम हप्ता, विम्याचं नूतनीकरण. ज्या महिन्यात पैसे जातात त्याच महिन्यात टाका.

आता ऑफिसर विचारणारच तो प्रश्न तुम्हीच विचारा: वसुली दहा दिवस लांबली तर? जुन्या विक्रीवर दहा दिवस म्हणजे १७.७० लाखांचा तिसरा हिस्सा, ५.९० लाख. नव्या विक्रीवर आणखी सुमारे १.६० लाख. मिळून ७.५० लाख. तुमची सीसीची मर्यादा २५ लाख आणि वापर २२ लाख असेल, तर मोकळे ३ लाखच आहेत. म्हणून टर्म लोनसोबतच सीसी २५ वरून ३० लाख करून मागा. ८ लाख मोकळे राहिले की दहा दिवसांचा उशीर सहन होतो. वीस दिवसांचा होत नाही, आणि पत्रकात तसं लिहायला लाजू नका. मोठ्या ग्राहकाची बिलं ट्रेड्स या बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर बसत असतील तर ती वटवून घेणार, एवढं पुढे जोडा.

मागणी नियमात बसते का? लघुउद्योगांना बँका अंदाजित उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल देण्याची पद्धत वापरतात. जुनी १८० लाख आणि नवी मार्चपर्यंतची ३० लाख मिळून २१० लाख. त्याचे २० टक्के ४२ लाख. ३० लाख त्याच्या बरेच आत आहेत. मात्र मंजूर मर्यादा आणि ड्रॉइंग पॉवर या दोन वेगळ्या गोष्टी. बँक मालातून पुरवठादारांची देणी वजा करते आणि साधारण ९० दिवसांपेक्षा जुनी येणी धरत नाही. एखादा ग्राहक सहा महिने लटकवतो, त्याचे पाच लाख येण्यांत दिसतात, ड्रॉइंग पॉवरमध्ये दिसत नाहीत. म्हणून वसुली लांबली की खड्डा वाढतो आणि उचलायची सोय त्याच वेळी आकसते.

आणि एक: सीसीची वाढ ही बारा महिन्यांच्या तक्त्यात खाली, वित्तपुरवठ्याच्या भागात दाखवा. वर वसुलीच्या रांगेत टाकली, किंवा शिल्लक उणे दिसेल तिथे सीसीने भरून सगळीकडे शून्य केली, तर तुम्ही कर्जाला उत्पन्न म्हणताय असाच अर्थ निघतो.

हप्ता झेपतो का

महिन्याला ४ लाखांच्या नव्या विक्रीतून मटेरियल २ लाख आणि इतर १.२५ लाख जाऊन ७५ हजार उरतात. मुद्दल-व्याज मिळून हप्ता ४९ हजार. भागाकार १.५३. बँक हा डीएससीआर पूर्ण युनिटचा आणि कर वजा करून काढते, पण मशीनपुरता हा आकडा तुम्हाला माहीत असला पाहिजे. बँका सरासरी दीडच्या आसपास बघतात आणि एखाद्या वर्षी सव्वाच्या खाली गेलं की प्रश्न विचारतात.

विक्री २० टक्क्यांनी कमी, म्हणजे ३.२० लाख धरून पाहा. मटेरियल आणि वीज-इन्सर्ट त्या प्रमाणात घटतात, ऑपरेटरचे ४५ हजार घटत नाहीत. उरतात ५१ हजार. भागाकार १.०४. हप्ता जेमतेम जातो. हा आकडा फाइलमध्ये टाका, आणि अशा वेळी दुसरी पाळी थांबवून एक पगार वाचवणार की नाही तेही लिहा. ऑफिसरने स्वतः काढण्याआधी तो तुमच्या कागदावर असलेला बरा.

हप्ता कधी सुरू होतो ते मागून घ्या

मोरेटोरियम किती महिन्यांचा, हे बऱ्याचदा सॅन्क्शन लेटर आल्यावर कळतं. वरच्या तक्त्याने ते आधी ठरवता येतं. तीन महिन्यांचा मिळाला तर मुद्दल ऑक्टोबरला सुरू होतं, खड्ड्याच्या ऐन उतारावर, आणि नोव्हेंबरचा तळ २.४३ वरून ३.०९ लाखांवर जातो. सहा महिन्यांचा मिळाला तर पहिला हप्ता जानेवारीत, जेव्हा मशीन स्वतःचा हप्ता काढून वर २६ हजार सोडायला लागलेली असते. तक्त्यातल्या या दोन महिन्यांवर बोट ठेवून सहा महिने मागा, "थोडा वेळ द्या" म्हणून नको.

मोरेटोरियम सहसा पहिल्या रकमेच्या वाटपापासून मोजतात, मशीन सुरू झाल्यापासून नाही. बँकेने एप्रिलमध्ये पुरवठादाराला ॲडव्हान्स सोडला आणि मशीन जूनअखेर आली, तर सहातले दोन-अडीच महिने मशीन पोचण्याआधीच संपलेले असतात. डिलिव्हरीची तारीख कोटेशनवर लेखी घ्या, ॲडव्हान्स शक्यतो स्वतःच्या मार्जिनमधून द्या, आणि बँकेचे पैसे मशीन तयार झाल्यावर, पाठवण्याच्या वेळी सोडायला सांगा. पत्रकातही रक्कम त्याच महिन्यात दाखवा.